चार पिनांची पट्टी, पाच पिनांचा कंट्रोलर

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लोहार चाळीत रंगीत एलईडी पट्टीचं रीळ मागितलं, की दुकानदार बहुधा दोनच गोष्टी विचारतो. किती मीटर हवी, आणि रिमोट द्यायचा का? पट्टी चार तारांची की पाच तारांची, हे गिऱ्हाईक विचारत नाही आणि दुकानदारही आपण होऊन सांगत नाही. गणपतीच्या मखरासाठी नवं रीळ नवा कंट्रोलर घेऊन येतं, तेव्हा त्यावाचून फारसं अडत नाही. अडतं ते जुन्यात नवं मिसळताना. फॉल्स सीलिंगच्या खाचेतली पट्टी चार-पाच वर्षांनी बदलायला काढावी, नवी आणावी, आणि जोडायच्या वेळी दिसावं, की कंट्रोलरमधून चार पिना बाहेर आल्या आहेत आणि नव्या पट्टीच्या सॉकेटला भोकं पाच आहेत.

अशा वेळी सुचणारा पहिला उपाय म्हणजे चार पिना पाच भोकांत कशातरी बसवून बघणं. दुसरा म्हणजे चाराचं पाच करणारा जोड शोधणं. दोन्ही उपाय पिनांच्या संख्येकडे केवळ आकार म्हणून बघतात. पण ती संख्या आकाराची नाही. पट्टीत किती रंग स्वतंत्रपणे चालवता येतात, हे ती सांगते, आणि कंट्रोलरला तेवढे रंग चालवता येतात का, हा खरा प्रश्न असतो.

आधी चार पिनांची पट्टी पाहू. तिच्यावर दर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरला पाच मिलिमीटर बाजूचा एक पांढरा चौकोन असतो. बाजारात तो ‘५०५०’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याची लांबी-रुंदी ५.० बाय ५.० मिलिमीटर असते. पट्टी बंद असताना चौकोनाच्या गोल खिडकीत डोळा जवळ नेऊन पाहिलं, तर आत तीन बारीक ठिपके दिसतात: एक लाल, एक हिरवा आणि एक निळा प्रकाश देणारा. तिन्ही रंगांना विजेचं धन टोक एकच, सामाईक असतं. ऋण टोकं मात्र तीन, प्रत्येक रंगाचं वेगळं. एक अधिक तीन म्हणजे चार तारा, आणि म्हणून चार पिना.

कंट्रोलर काम करतो तो या तीन ऋण तारांवर. सामाईक धन तार अडॅप्टरकडून कंट्रोलरमध्ये येते आणि बहुतेक कंट्रोलरमध्ये ती जशीच्या तशी पट्टीकडे जाते. ऋण बाजूला मात्र प्रत्येक रंगासाठी मॉसफेट नावाचा एक इलेक्ट्रॉनिक स्विच बसवलेला असतो. तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. चालूचा वेळ जास्त तर रंग उजळ, कमी तर मंद. लाल पूर्ण, हिरवा अर्ध्याहून कमी आणि निळा बंद असं प्रमाण ठेवलं, की डोळ्याला नारिंगी दिसतो. रिमोटवरचं प्रत्येक रंगीत बटण म्हणजे या तीन स्विचांना दिलेलं एक ठरलेलं प्रमाण असतं.

पाचवी पिन येते ती पांढऱ्या रंगासाठी. लाल, हिरवा आणि निळा एकत्र करून पांढरा होतो हे शाळेत शिकवलेलं खरं असलं, तरी पट्टीच्या बाबतीत तो पांढरा कामाचा नसतो. तीन अरुंद रंगपट्ट्यांची बेरीज झाल्यामुळे तो निळसर किंवा गुलाबीसर दिसतो. त्याच्या उजेडात चेहरा फिका पडतो, भाजीचा हिरवा आणि साडीचा केशरी खरा वाटत नाही. दिव्यातला चांगला पांढरा वेगळ्या रीतीने तयार होतो. निळा प्रकाश देणाऱ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात. निळ्या प्रकाशाचा काही भाग तो थर शोषून पिवळ्या पट्ट्यात पसरट प्रकाश बाहेर टाकतो, आणि उरलेल्या निळ्याशी मिळून पांढरा होतो. हे शक्य झालं ते प्रखर निळा एलईडी बनवता आल्यामुळे. त्या कामासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

हाच फॉस्फरचा पांढरा रंगीत पट्टीत घातला, की तिला ‘आरजीबीडब्ल्यू’ म्हणतात. काही पट्ट्यांत एका चौकोनातच चार ठिपके असतात आणि खिडकीचा अर्धा भाग पिवळा दिसतो. काहींत एक रंगीत चौकोन आणि एक पूर्ण पिवळा चौकोन असे आळीपाळीने बसवलेले असतात. दोन्हींत तारा पाच: एक सामाईक धन आणि लाल, हिरवा, निळा, पांढरा अशा चार ऋण. त्यांना चालवणाऱ्या कंट्रोलरमध्येही चार स्विच हवेत. पट्टीवर पिवळा ठिपका दिसला, की पाच पिना धरून चालावं. पिना मोजण्याआधी ही खूण पाहिली, तर तुटलेल्या किंवा बदललेल्या सॉकेटनेही फसायला होत नाही.

आता जोडणी चुकली तर काय होतं ते पाहू. पहिली शक्यता म्हणजे पट्टी चार तारांची आणि कंट्रोलर पाच पिनांचा. ही जोडी चालते. धन, हिरवा, लाल आणि निळा जागच्या जागी जोडायचे आणि पांढऱ्याची पिन मोकळी सोडायची. मात्र त्यातून एक वेगळाच गोंधळ होतो. अशा कंट्रोलरच्या रिमोटवर पांढरं बटण दाबलं, की तो तिन्ही रंग बंद करून फक्त चौथं, पांढऱ्याचं चॅनल चालू करतो. त्या पिनेला काहीच जोडलेलं नसल्यामुळे पट्टी विझते. सगळे रंग नीट चालतात आणि पांढऱ्यावर मात्र अंधार होतो, तेव्हा पट्टी किंवा रिमोट बिघडला असं समजून लोक दोन्ही बदलून आणतात. प्रत्यक्षात बिघाड कशातच नसतो. कंट्रोलर ज्या रंगाला हाक देतो, तो रंग त्या पट्टीत नसतो एवढंच.

दुसरी शक्यता उलटी: पट्टी पाच तारांची आणि कंट्रोलर चार पिनांचा. रंग याही जोडीत चालतात. पांढरा दाबला तर लाल, हिरवा आणि निळा तिन्ही लागून तोच निळसर पांढरा मिळतो, आणि ज्या फॉस्फरच्या चिपसाठी जास्त पैसे मोजले, त्या कधीच पेटत नाहीत. इथे चाराचं पाच करणारा जोड विकत घेऊन उपयोग नाही. त्या जोडात चार तारा पुढे जातात आणि पाचवं भोक रिकामं राहतं. चौथा स्विच कंट्रोलरमध्ये नसेल, तर तो बाहेरच्या जोडातून येणार नाही.

तरीही जुना कंट्रोलर ठेवायचाच असेल, तर एक सरळ मार्ग आहे. पट्टीची पांढऱ्याची ऋण तार वेगळी काढून एकरंगी पट्टीसाठी मिळणाऱ्या साध्या डिमरच्या ऋण आउटपुटला जोडायची. डिमर आणि कंट्रोलर एकाच अडॅप्टरवर चालवायचे. पट्टीचं धन टोक सामाईक असल्यामुळे दोघांचं काम एकमेकांत येत नाही. रंग एका रिमोटवर आणि पांढरा दुसऱ्यावर अशी सोय होते. डिमर ऋण बाजूने चालू-बंद करणारा हवा, ही एकच अट. असे डिमर सर्रास मिळतात. त्याच्या धन इनपुट आणि धन आउटपुट या दोन टोकांवर मल्टिमीटर बझरवर लावला आणि आवाज आला, की धन तार आत सलग आहे हे कळतं.

तिसरी शक्यता घराघरांत सर्वाधिक घडते. पिना योग्य संख्येच्या असतात, पण उलट्या किंवा एक घर सरकून बसतात. या सॉकेटांना दिशा ठरवणारी खाच नसते. पट्टीच्या टोकालाही भोकं, कंट्रोलरच्या टोकालाही भोकं, आणि मध्ये दोन्ही बाजूंनी टोकदार अशा सुट्या पिनांची छोटी पट्टी. दोन पिनांमधलं अंतर साधारणपणे २.५४ मिलिमीटर असतं, त्यामुळे चाराची पट्टी पाच भोकांत दोन ठिकाणी आणि दोन दिशांनी बसू शकते. चार प्रकारांपैकी बरोबर एकच.

सुदैवाने चुकलेल्या तीन प्रकारांत बहुधा धूर निघत नाही, फक्त अंधार होतो. सॉकेट उलटं बसलं, तर कंट्रोलरचं धन टोक पट्टीच्या निळ्याच्या ऋण टोकाला भिडतं. एलईडी एकाच दिशेने वीज जाऊ देतो, त्यामुळे उलट दिशेची वीज तिथेच अडते. एक घर सरकलं, तर पट्टीच्या धन टोकाला धन मिळतच नाही. म्हणून नवी पट्टी अजिबात पेटली नाही, तर ती परत करायला निघण्याआधी वीज बंद करून सॉकेट फिरवून बसवावं. बहुतेक सॉकेटांच्या एका कडेला उठावदार बाणाची खूण असते. बाण धन तारेच्या बाजूला असतो, आणि दोन्हीकडचे बाण समोरासमोर आले पाहिजेत.

खरं नुकसान होतं ते दोन टोकं एकमेकांना चिकटली, की. सोल्डरिंग टाळायला वापरतात त्या दाबून बसवायच्या क्लिपमध्ये हे घडतं. चार तारांची पट्टी सहसा १० मिलिमीटर रुंद असते, तर पाच तारांची बहुधा १२. पण १० मिलिमीटर रुंदीतच पाच तारा बसवलेल्या पट्ट्याही मिळतात, आणि त्यांचे तांब्याचे ठिपके अधिक अरुंद नि जवळजवळ असतात. बाराच्या क्लिपमध्ये दहाची पट्टी घातली, की ती आडवी सरकते आणि क्लिपचा एक दात दोन ठिपक्यांवर टेकतो. धन आणि हिरवा असे जोडले गेले, की हिरव्याचा स्विच चालू होताक्षणी अडॅप्टरची वीज पट्टीतून न जाता थेट त्या स्विचमधून जाते. मॉसफेट अशा माराने जळतो तेव्हा बऱ्याचदा कायमचा चालू अवस्थेत अडकतो. खूण अगदी स्पष्ट असते: रिमोटने बंद केलं तरी एकच रंग पेटलेला राहतो, आणि दुसरा कुठलाही रंग निवडला तरी त्यात तो मिसळतो. तसं दिसलं तर कंट्रोलर बदलावा लागतो. पण आधी क्लिप काढून ठिपके तपासावेत, नाहीतर नवा कंट्रोलरही त्याच वाटेने जातो.

तारांच्या रंगांवर विसंबणं ही यातली सर्वांत मोठी फसगत. बॅटरी आणि चार्जरची सवय असलेल्या माणसाला लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण हे वेगळं सांगावं लागत नाही. घरच्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची, हेही वायरमनच्या हातात मुरलेलं असतं. रंगीत पट्टीत हे सगळं बाजूला ठेवावं लागतं. तिथे लाल तार म्हणजे लाल रंगाचं ऋण टोक, हिरवी म्हणजे हिरव्याचं आणि निळी म्हणजे निळ्याचं. काळी तार बहुतेक पट्ट्यांत सामाईक धन असते. अनुभवी हातांनी सवयीने लाल तारेला अडॅप्टरचं धन आणि काळीला ऋण दिलं, तर वीज उलटी जाते आणि पट्टी पेटत नाही.

पांढरी तार त्याहून अवघड. चार तारांच्या काही पट्ट्यांत काळीऐवजी पांढरी तार सामाईक धन असते. पाच तारांच्या पट्टीत बहुधा काळी धन आणि पांढरी पांढऱ्या रंगाचं ऋण. म्हणजे त्याच रंगाची तार एका रिळात धन आणि दुसऱ्या रिळात ऋण. जुन्या चार तारांच्या पट्टीची पांढरी तार नव्या पाच पिनांच्या कंट्रोलरच्या पांढऱ्या तारेला जोडली, तर रंगाला रंग जुळतो, पण पट्टीला धन मिळत नाही.

म्हणून तारेचा रंग न बघता पट्टीवर छापलेली अक्षरं वाचावीत. पट्टीवर दर काही सेंटिमीटरला कात्रीची खूण असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या ठिपक्यांशेजारी बारीक अक्षरांत ‘+१२ व्ही’, ‘जी’, ‘आर’, ‘बी’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. पाच तारांच्या पट्टीत त्यांच्या जोडीला ‘डब्ल्यू’ येतं. क्रम सगळीकडे सारखा नसतो. कुठे हिरवा आधी, कुठे लाल. कंट्रोलरच्या डबीवर किंवा स्क्रूच्या टोकांवरही हीच अक्षरं असतात, आणि धनासाठी ‘व्ही+’ लिहिलेलं असतं. अक्षराला अक्षर जोडायचं.

छपाई पुसट असेल, तर पट्टी स्वतःच ओळख देते. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा एक गट असतो, आणि प्रत्येक गटात प्रत्येक रंगासाठी एक काळा चिमुकला रेझिस्टर असतो. भिंगातून किंवा मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहिलं, तर अनेक पट्ट्यांत दोन रेझिस्टरांवर ‘१५१’ आणि एकावर ‘३३१’ असे आकडे दिसतात. १५१ म्हणजे १५ पुढे एक शून्य, अर्थात १५० ओहम, आणि ३३१ म्हणजे ३३० ओहम. वेगळा दिसणारा तो लाल रंगाचा. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना मिळून ६. हिरव्या-निळ्याला प्रत्येकी तीन व्होल्टांहून थोडे जास्त लागतात, म्हणजे तिघांना सव्वानऊच्या आसपास. बारांतून उरलेला दाब रेझिस्टरने पेलायचा असतो. लालच्या वाट्याला तो जास्त येतो, म्हणून तिथे मोठा रेझिस्टर लागतो.

खात्री करण्याचा शेवटचा मार्ग सर्वांत सोपा. पट्टीवर लिहिलेल्या व्होल्टेजचाच अडॅप्टर घ्यावा, त्याचं धन पट्टीच्या धन ठिपक्यावर धरावं आणि ऋण एकेका उरलेल्या ठिपक्याला क्षणभर लावून पाहावं. रेझिस्टर पट्टीवरच असल्यामुळे असं करण्यात धोका नाही. ज्या ठिपक्यावर जो रंग पेटला, त्याचं नाव कागदावर लिहून घ्यावं. पाचव्या ठिपक्यावर शुद्ध पांढरा किंवा पिवळसर उबदार उजेड दिसला, की तो ‘डब्ल्यू’.

आता सगळं एका खोलीत उतरवून पाहू. समजा, दिवाणखान्याच्या फॉल्स सीलिंगमध्ये एका भिंतीलगत सोळा फुटांची खाच आहे. पट्टीचं रीळ पाच मीटरचं, म्हणजे साडेसोळा फुटांच्या जरा आत, तेव्हा एक रीळ पुरतं. जुनी पट्टी चार तारांची, ६० एलईडी प्रति मीटर, लेबलवर मीटरला १४.४ वॉट. पूर्ण रिळाचे ७२ वॉट, आणि १२ व्होल्टवर ६ अँपिअर. घरच्यांना आता संध्याकाळी रंग आणि एरवी स्वच्छ पांढरा उजेड हवा आहे, म्हणून पाच तारांचं रीळ आणलं. त्याच्या लेबलवर १२ व्होल्ट आणि मीटरला १९.२ वॉट लिहिलेलं आहे.

नव्या रिळाचे एकूण वॉट झाले ९६. बाराने भागलं की ८ अँपिअर. चार रंगांत सारखी वाटणी धरली, तर प्रत्येक चॅनलवर २ अँपिअर. जुन्या कंट्रोलरच्या डबीवर ‘प्रत्येक चॅनल २ अँपिअर, तीन चॅनल’ असं असेल, तर तो दोन कारणांनी बाद होतो. चौथं चॅनल त्यात नाही, आणि असलेली तिन्ही काठोकाठ भरतात. नवा कंट्रोलर चार चॅनलचा आणि प्रत्येकी ३ ते ४ अँपिअर पेलणारा घ्यावा. अडॅप्टरही बदलावा लागेल. तो शंभर टक्के भारावर तासन्‌तास चालवू नये, म्हणून ९६ वॉटसाठी १२० वॉटचा, अर्थात १२ व्होल्ट १० अँपिअरचा घ्यावा.

इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चार ऋण तारांतून प्रत्येकी २ अँपिअर जातात हे खरं, पण ते सगळे आले कुठून? एकाच धन तारेतून. चारही रंग पूर्ण लागले, की त्या एका तारेवर आणि त्या एका पिनेवर ८ अँपिअर येतात. पट्टीसोबत येणारी तार बारीक असते, पाचही तारा सारख्याच जाडीच्या असतात, आणि २.५४ मिलिमीटर अंतराच्या बारीक पिनेवर साधारण ३ अँपिअरच धरतात. पाच पिनांच्या जोडात धन बाजूचं प्लास्टिक आधी मऊ होतं आणि पिवळं पडतं, त्याचं कारण हे. अर्धा तास पूर्ण उजेड ठेवल्यावर वीज बंद करून जोडाला बोट लावून पाहावं. धन बाजू चटका देण्याइतकी तापली असेल, तर तो जोड काढून तारा थेट सोल्डर कराव्यात आणि धनासाठी जाड तार वापरावी. अडॅप्टरला गोल डीसी पिन असेल, तर तिचीही मर्यादा बहुधा ५ अँपिअरची असते. इतक्या विजेसाठी स्क्रूच्या टोकांचा पॉवर सप्लाय बरा. त्याची २३० व्होल्टची बाजू मात्र वायरमनकडूनच जोडून घ्यावी.

पाच मीटर लांबीचा दुसरा परिणाम रंगात दिसतो. पट्टीतली तांब्याची थर पातळ असते, त्यामुळे पुढच्या टोकापर्यंत दाब कमी होत जातो. समजा, शेवटी १२ ऐवजी ११ व्होल्टच पोचले. वरच्या रेझिस्टरांवरून हिशेब केला, तर निळ्या गटातली वीज सुमारे १८ मिलिअँपिअरवरून ११ वर येते, पण लाल गटातली १८ वरून १५ वरच. निळा आणि हिरवा लालपेक्षा जास्त मंदावतात. म्हणून तीन रंग मिसळलेला पांढरा किंवा जांभळा शेवटाकडे लालसर होत जातो. पांढऱ्या चॅनलचा उजेड तसा रंग बदलत नाही, पण तोही शेवटी मंद होतो, कारण फॉस्फरखालची चिप निळीच असते. या खुणेवरून दोष कंट्रोलरचा की दाबाचा हे ओळखता येतं. सगळ्या लांबीवर रंग सारखाच चुकीचा दिसला, तर तारांची अदलाबदल. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी बिघडलेला दिसला, तर दाब पडलेला.

उपाय आहे. रीळ एका टोकाने न चालवता मधोमध कापून, कंट्रोलरच्या तारा मध्यभागी आणायच्या आणि दोन्ही अर्ध्या पट्ट्या तिथून दोन दिशांना सोडायच्या. १२ व्होल्टच्या अशा रिळात दर पाच सेंटिमीटरला कापायची खूण असते, त्यामुळे अडीच मीटरवर नेमकं कापता येतं. प्रत्येक भागात निम्मी वीज जाते आणि ती निम्म्याच लांबीतून जाते, म्हणून शेवटी पडणारा दाब निम्मा नव्हे, तर एक चतुर्थांश होतो. सगळंच नव्याने घ्यायचं असेल, तर २४ व्होल्टची पट्टी निवडावी. तेच ९६ वॉट तिथे ४ अँपिअरमध्ये होतात, आणि धन पिनेवरचा ताण निम्म्यावर येतो. मात्र मग अडॅप्टर २४ व्होल्टचा आणि कंट्रोलर २४ व्होल्ट चालणाराच हवा. १२ व्होल्टच्या पट्टीला २४ दिले, तर ती जळते.

दुकानात एक सावधगिरी आणखी घ्यावी लागते. चार तारा असलेली प्रत्येक पट्टी या जातीची नसते. धावते रंग दाखवणाऱ्या, प्रत्येक एलईडी वेगळा चालवता येणाऱ्या पट्ट्यांत रंगांना वेगळ्या तारा नसतात. धन, ऋण आणि माहितीची तार अशा तीन तारा पुरतात, आणि चार रंगांच्या पट्टीतही त्या तीनच राहतात. ‘डब्ल्यूएस२८१५’ आणि ‘एपीए१०२’ या चिपच्या पट्ट्यांना मात्र चार टोकं असतात: पहिलीत माहितीची दुसरी राखीव तार, तर दुसरीत माहितीबरोबर ठेका देणारी तार. त्या चार पिना साध्या कंट्रोलरच्या चार पिनांत हुबेहूब बसतात, पण पट्टी चालत नाही. ‘एपीए१०२’ ५ व्होल्टची असल्यामुळे १२ व्होल्टवर तिचं नुकसानही होऊ शकतं. ठिपक्यांशेजारी ‘जीएनडी’, ‘डीआय’ किंवा ‘सीआय’ अशी अक्षरं आणि पुढची दिशा दाखवणारा बाण दिसला, तर तिला साधा कंट्रोलर लावू नये. उलट सहा तारांची पट्टी दिसली, तर ती आपल्याच घराण्यातली: तीन रंग, एक उबदार पांढरा, एक थंड पांढरा आणि सामाईक धन. तिला पाच चॅनलचा कंट्रोलर लागतो.

दिवाणखान्यातली जोडणी पूर्ण झाली, की पट्टी खाचेत चिकटवण्याआधी जमिनीवरच तपासावी. पट्टी रिळावर गुंडाळलेली ठेवून पूर्ण उजेड देऊ नये, कारण ती आतून लवकर तापते. रिमोटवर लाल, हिरवा, निळा आणि पांढरा ही चार बटणं एकेक करून दाबावीत. लाल दाबल्यावर हिरवा आणि हिरवा दाबल्यावर लाल लागला, तर त्या दोन तारांची अदलाबदल करावी. त्याने काही बिघडलेलं नसतं. पांढरा दाबल्यावर लाल-हिरवा-निळा तिन्ही ठिपके पेटलेले दिसले, तर कंट्रोलर तीन चॅनलचाच आहे, किंवा तो चौथं चॅनल वापरण्याच्या सेटिंगवर नाही. काहीच पेटलं नाही, तर पाचवी तार सुटलेली आहे. चारही बरोबर लागले, की सगळे रंग आणि पांढरा पूर्ण ठेवून पट्टीच्या दोन्ही शेवटच्या टोकांना धन आणि पांढरा या ठिपक्यांवर मल्टिमीटरने दाब मोजावा. अडॅप्टरच्या टोकाशी १२ आणि शेवटी साडेअकराच्या वर आकडा दिसला, तर मधोमध दिलेली जोडणी पुरेशी आहे. त्याहून खाली गेला, तर शेवटच्या टोकापर्यंत धनाची आणखी एक जाड तार ओढावी, आणि मगच मागचा चिकट कागद सोलायला घ्यावा.